वास नसलेला रंग

सोमवारी सलून बंद असतं. तरी त्या सोमवारी भर दुपारी थोरली आतून कडी लावून मधल्या खुर्चीत बसली होती. मांडीवर वही, नाकावर चष्मा, आणि समोर आरशात स्वतःचंच तोंड. गिऱ्हाइकांसाठी चिठ्ठी लिहायची होती. चार ओळींची चिठ्ठी. पण सकाळपासून सात कागद फाडून झाले होते. एरवी आल्या-गेल्याशी तासन्‌तास गप्पा ठोकणारी बाई, कागद समोर आला की हिची वाचाच बसायची.

आरशाच्या कोपऱ्यात चार महिन्यांपूर्वीची पहिली चिठ्ठी अजून चिकटलेली होती. छापून आणलेली, फुलाफुलांच्या किनारीची. ‘आमच्या लाडक्या ग्राहकांसाठी आनंदाची बातमी! आता आमच्याकडे केसांचा अमोनियामुक्त, सौम्य रंग. ना उग्र वास, ना त्रास!’ थोरलीनं ती उठून नखानं खरवडायला घेतली. निघेना मेली. चिकटपट्टी तिनंच लावली होती, चारी बाजूंनी, दुहेरी.

आता ही थोरली कोण आणि धाकटी कोण, ते सांगते. या दोघी जावा. सख्ख्या भावांच्या बायका, एकाच घरात खाली-वर राहणाऱ्या. एकोणीस वर्षांपूर्वी दोघींनी मिळून घराच्या पुढच्या खोलीत हे सलून थाटलं. जावा-जावांचं पटत नाही म्हणतात, यांचं इतकं पटायचं की दोघींच्या नवऱ्यांना कधीकधी आपण या घरात पाहुणे आहोत असं वाटायचं. थोरलीचं काम कापायचं आणि बोलायचं. धाकटीचं काम रंगवायचं आणि ऐकायचं. गिऱ्हाइकंही त्यांना थोरली-धाकटीच म्हणायची. दारावरच्या पाटीवर काय नाव आहे हे विचारलं असतं तर निम्म्या बायकांना सांगता आलं नसतं.

आणि धाकटीचा हात! एकोणीस वर्षांत त्या हातानं किती डोकी रंगवली असतील. वाटीत रंगाची ट्यूब पिळायची, त्यात रंग चढवणारा डेव्हलपर घालायचा, ब्रशनं असं फेटायचं की एक गुठळी राहणार नाही. मग भांग पाडून पाडून मुळाशी रंग. कपाळाच्या कडेचे बारीक केस तर ती ब्रशनं नाहीच, बोटाच्या टोकानं रंगवायची. हातमोजे? ते खोक्यात पडून असायचे. “मोज्यातून केस कळत नाही हो जाऊबाई,” म्हणायची. “जाड आहे की पातळ, रंग पितोय की नाही, ते बोटालाच कळतं.” आणि थोरली ते कौतुकानं गिऱ्हाइकांना सांगायची. “आमच्या धाकटीच्या बोटांना डोळे आहेत,” म्हणायची. वर हसायचीसुद्धा.

मग त्या बोटांना भेगा पडायला लागल्या.

आधी नुसती खाज. मग बोटांच्या बेचक्यांत बारीक पाण्याचे फोड. मग कातडी लाल, कोरडी, चिरलेली. थोरलीनं काय केलं? “अगं, आपल्या धंद्यात हात असेच होतात,” म्हणाली. शाम्पू, पाणी, दिवसभर ओलं काम. रात्री व्हॅसलीन लाव आणि मोजे घालून झोप. हे ती दोन वर्षं म्हणत राहिली. दोन वर्षं! आज त्या खुर्चीत बसून थोरलीला ते आठवलं आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

शेवटी धाकटीच्या नवऱ्यानं आवाज चढवला, त्याच्या जन्मात पहिल्यांदा, आणि तिला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी पाठीवर चौकोनी चिकटपट्ट्यांच्या रांगा लावल्या, प्रत्येकीखाली वेगळं रसायन. दोन दिवस अंघोळ नाही. मग पट्ट्या काढून पाहिलं, आणखी दोन दिवसांनी पुन्हा पाहिलं. सगळे चौकोन साफ, एकच चौकोन लालभडक, सुजलेला. पीपीडी. पक्क्या रंगात केस काळा करतं ते हेच. पूर्ण नाव आगगाडीएवढं लांब. डॉक्टरीणबाईंनी ते नाव एका चिठ्ठीवर लिहून दिलं. त्याच्या खाली त्याच घराण्यातली आणखी दोन-तीन नावं, आणि सांगितलं, “यातलं काहीही असलेला रंग हातात धरायचा नाही. खोक्यावरची यादी वाचून घ्यायची. यातलं काही नसलेला रंग वापरा, हातमोजे नायट्राइलचे, साध्या रबरातून हे आत झिरपतं, आणि प्रत्येक वेळी नवे. आणि आधी हात पूर्ण बरे होऊ द्या. मग बघू.”

‘मग बघू’ या दोन शब्दांवर धाकटी दीड महिना जगली. चिठ्ठी घरी आणून तिनं थोरलीच्या हातात दिली. “तुम्ही वाचा हो हे. मला असली नावं जमत नाहीत.” थोरलीनं चिठ्ठी पर्समध्ये टाकली.

आता इथंच सगळं फिसकटलं, म्हणून नीट सांगते. थोरलीला जवळचं दिसत नव्हतं. चाळिशी कधीच लागली होती, चष्माही करून आणला होता. पण तो असायचा खणात, रोलरच्या ढिगाखाली. सलूनची मालकीण चष्मा लावून बसली की गिऱ्हाईक आधी तिचं वय मोजतं, असं तिचं ठाम मत. कात्री चालवायला चष्मा लागत नाही, हात चालतो. आणि रंगाचं खोकं वाचायला? खोकं वाचतं कोण! या धंद्यात सगळ्या जणी नाकानं वाचतात. झाकण उघडलं, डोळ्यांत पाणी आलं, की रंग कडक. वास नाही आला, की रंग सौम्य. एकोणीस वर्षं थोरली असंच ओळखत आली होती.

त्यामुळे माल पुरवणारा एजंट नवी ट्यूब घेऊन आला तेव्हा तिनं पहिल्यांदा काय केलं असेल? हुंगली. वासच नाही! “ताई, अमोनिया शून्य,” एजंट म्हणाला. थोरलीला वाटलं, देव पावला. धाकटीला ज्याचा त्रास होतो ते यात नाहीच! तिनं सगळा जुना माल परत पाठवला, नवा भरला, फुलाफुलांची चिठ्ठी छापून घेतली आणि दुहेरी चिकटपट्टीनं आरशावर लावली. संध्याकाळी वर जाऊन धाकटीला म्हणाली, “चल गं, तुझ्यासाठी अख्खं सलून बदललंय.”

धाकटीचे हात तोवर बरे झाले होते. गुलाबी, नवी कातडी आलेले हात. ती रडलीच. “तुम्ही चिठ्ठी बघून घेतलंत ना जाऊबाई?” तिनं विचारलं होतं. विचारलं होतं! आणि थोरली म्हणाली होती, “अगं हो, बघितलं सगळं.” खोटं बोलायचं म्हणून नाही बोलली. तिला खरंच वाटलं होतं की बघितलंय.

पहिल्या दिवशी धाकटीनं पाच डोकी रंगवली. हातमोजे घातले होते. पण ते खोक्यातले जुने, पातळ रबराचे. ज्या रंगात धोकाच नाही त्याला नायट्राइल कशाला, असं दोघींनीही धरून चाललेलं. आणि केस धुताना तर तेही काढले तिनं. ओल्या केसांतून बोटं फिरवायची सवय, जाते कुठं? बायका खूश. “धाकटी आली गं बाई!” म्हणून एकीनं तर तिची पापी घेतली.

तिसऱ्या दिवशी सकाळी धाकटीचे डोळे उघडेनात. पापण्या सुजून लिंबाएवढ्या झाल्या होत्या. हातांवर फोड, मनगटांपर्यंत. थोरलीनं तिला रिक्षात घातलं. शहाणपणा म्हणून नव्या रंगाचं खोकंही बरोबर घेतलं, “बघा, यात अमोनिया नाही,” असं सांगायला. डॉक्टरीणबाईंनी खोकं हातात घेतलं, चष्मा वर सरकवला आणि चौथ्या ओळीवर बोट ठेवलं. ते आगगाडीएवढं नाव तिथं होतं. अक्षर न्‌ अक्षर.

“अमोनियानं केस उमलतो आणि वास येतो,” बाई म्हणाल्या. “तो काढून त्या जागी दुसरं काहीतरी घालतात. पण रंग देणारी वस्तू तीच आहे. मी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं हो.”

धाकटीनं सुजलेल्या पापण्यांच्या फटीतून थोरलीकडे पाहिलं. बोलली असती तर फार बरं झालं असतं.

त्याला आता चार महिने झाले. सूज उतरली, पण हात काही धड होईनात. बरे व्हायचे आणि पाण्याचा थेंब लागला की पुन्हा फुटायचे. डॉक्टरीणबाईंचं ‘मग बघू’ बंद झालं होतं. “एकदा शरीरानं हे लक्षात ठेवलं की ते विसरत नाही,” त्या म्हणाल्या. “नुकत्याच रंगवलेल्या केसाला हात लागला तरी पुरे. दुसरं काम बघा.” धाकटीला आता कात्रीची कडी बोटात सहन होत नव्हती. स्वतःच्या मुलीची वेणी घालता येत नव्हती. ती कार्टी शाळेत जाताना थोरलीकडे येऊन पाठ करून बसायची. थोरली तिची वेणी घालायची आणि तिच्या डोक्यावरून दिसणाऱ्या भिंतीकडे बघत राहायची.

दरम्यान थोरलीनं एक काम मात्र नीट केलं. चष्मा लावला, डॉक्टरांची चिठ्ठी समोर ठेवली आणि पंधरा-वीस रंगांच्या याद्या वाचून काढल्या. एजंट वैतागला. तिला हवा तो रंग शेवटी मिळाला: त्या घराण्यातलं काहीही नसलेला. केसाच्या आत न शिरता वरवर बसणारा, महिना-दीड महिन्यात धुऊन जाणारा. पांढरे केस पूर्ण झाकायचा नाही, नुसती छटा चढवायचा. काळ्याभोर केसांची हौस असलेल्या बायका यावर नाक मुरडणार, हे तिला ठाऊक होतं. पण धाकटीला बाधलं ते उद्या गिऱ्हाइकांपैकी कुणाला बाधलं तर? एकोणीस वर्षं कुणाच्या कानामागे रंगाचा थेंब लावून दोन दिवस वाट पाहिली नव्हती. “नेहमीच्यांना कशाला?” म्हणायच्या दोघी. नेहमीच्यांनाच बाधतं, वर्षानुवर्षं लावून लावून, हे आता कळलं. तर आजपासून सौम्य रंग, तो का, आणि प्रत्येकीच्या कानामागे आधी चाचणी, एवढंच लिहायचं होतं चिठ्ठीत.

आठव्या कागदावर जमलं एकदाचं. थोरली कागद घेऊन वर गेली.

धाकटी खिडकीशी बसली होती. हातांना मलम, वरून सुती मोजे. समोर भाजी निवडायला ठेवलेली, तशीच. थोरलीनं घसा साफ करून वाचायला घेतलं.

“‘प्रिय ग्राहक, तुमच्या काळजीपोटी आम्ही रंग बदलत आहोत...’”

“कुणाच्या काळजीपोटी?” धाकटीनं विचारलं. आवाज साधाच होता, चहा हवाय का विचारावं तसा.

थोरली थांबली.

“नाही, वाचा ना,” धाकटी म्हणाली. “चांगलं वाटतंय ऐकायला. पहिलीही चांगलीच होती, फुलांची.”

खाली रस्त्यावर कुणीतरी मोटारसायकलला किका मारत होतं, ती सुरू होत नव्हती. थोरलीनं कागद भाजीच्या ताटाशेजारी पालथा घातला. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागली. या वेळी थांबली नाही, एकदाही खोडलं नाही. लिहिता लिहिता नाकातून पाणी येत होतं ते पदरानं पुसत होती. मग वाचून दाखवलं.

“‘आमच्या नेहमीच्या बायकांना. आरशावरची आधीची चिठ्ठी चुकीची होती. ज्याला वास नाही तो रंग सौम्य, असं मी समजले. अमोनिया नव्हता, पण ज्याच्यामुळे धाकटीचे हात गेले ते त्या रंगात होतं. डॉक्टरांनी नाव लिहून दिलं होतं. मी वाचलं नाही. चष्मा लावायची लाज वाटली. तिनं मला विचारलं, आणि मी बघितलं म्हणून सांगितलं. चूक माझी आहे, तिची नाही. आता आणलेल्या रंगात ते नाही. हा रंग पांढरे केस पूर्ण झाकणार नाही आणि लवकर जाईल. सौम्य असला तरी कुणालाही काहीही बाधू शकतं, म्हणून दोन दिवस आधी कानामागे लावून बघणार, कितीही जुनं गिऱ्हाईक असो. याआधी रंग लावल्यावर कुणाच्या डोक्याला खाज आली असेल, तर लपवू नका, मला सांगा. धाकटी लवकरच परत येईल.’”

धाकटी ऐकत होती. ऐकणं हे तिचंच काम होतं एकोणीस वर्षं. मग ती म्हणाली, “बरं झालं लिहिलंत. मला वाटायचं तुम्ही विसरलात, मी विचारलं होतं ते.”

“एक दिवस नाही विसरले गं.”

“हं. मला काय माहीत! तुम्ही येऊन नुसतं मलम आणून द्यायचात आणि हवापाण्याचं बोलायचात. मी म्हटलं, यांना आठवतच नसेल. आठवत नाही असं धरलं की राग कमी यायचा.”

थोरलीनं तिच्या मोजे घातलेल्या हाताला हात लावायला हात पुढे केला. तिथंच थांबली. कालच तिनं स्वतःचे केस धुतले होते. तिचे केस अजून जुन्या रंगानं काळे होते, मुळाशी बोटभर पांढरे. हाताला काही लागलं असेल का? असेलही, नसेलही. तिनं हात मागे घेतला. धाकटीनं ते पाहिलं.

“शेवटचं वाक्य खोडा,” धाकटी म्हणाली.

“राहू दे गं. असू दे. कोण जाणे...”

“जाऊबाई, मी खोडलं असतं, पण मला पेन धरवत नाही. तुम्ही खोडा.”

“बायका विचारतात रोज. काय सांगू त्यांना?”

“खरं लिहायचं ना? मग सगळंच लिहा. डॉक्टरांनी सांगितलंय, तुम्हीही होतात तिथं. मी खिडकीतून बघते रोज, कोण कोण येतं ते. चालण्यावरून ओळखते. कुणाच्या मुळांना किती दिवस झाले तेही मला कळतं इथून. पण मी परत येणार नाहीये. तुमच्या वाक्यानं येणार आहे का मी?” आता तिचा आवाज फुटला. “खोडा म्हणते ना!”

थोरलीनं पेन टेकवलं. एकच रेघ मारली. मारताना कागदाकडे बघवलं नाही, त्यामुळे रेघ वाक्याच्या मधोमध न जाता खालून वर गेली, आणि सगळे शब्द जसेच्या तसे वाचता येत राहिले. ती पुन्हा गिरवायला गेली तर धाकटी म्हणाली, “पुरे.” आणि भाजीचं ताट मनगटांनी ओढून घेऊन खिडकीबाहेर बघायला लागली.

मंगळवारी सकाळी थोरलीनं चिठ्ठी आरशावर लावली. हातानं लिहिलेली, बिनफुलांची. जुनी चिठ्ठी आदल्या संध्याकाळी पाण्यानं भिजवून काढली होती, तिचे चार कोपरे तेवढे काचेवर राहिले.

पहिल्या आल्या त्या बँकेतून निवृत्त झालेल्या बाई. पंधरा वर्षं दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी. धाकटीच्या खुर्चीत बसायच्या, सवयीनं तिच्याच खुर्चीकडे वळल्या. चिठ्ठीपाशी थांबल्या. सावकाश वाचली, बँकेतला कागद वाचावा तशी, वरपासून खालपर्यंत. थोरली पाठमोरी उभी राहून टॉवेलाच्या घड्या घालत होती. एकाच टॉवेलाची तिनं तीनदा घडी घातली.

“म्हणजे पांढरे झाकणार नाहीत?” बाईंनी विचारलं.

“पूर्ण नाही झाकणार.”

“माझ्या पुतणीचं लग्न आहे हो पंधरा दिवसांनी.”

“आज कानामागे लावून बघते. गुरुवारी या.”

“हं.” बाई पुन्हा चिठ्ठीकडे वळल्या. त्यांचा आवाज जरा खाली आला. “फार वाईट झालं हो तिचं. गुणी मुलगी. आणि हे शेवटी काय खोडलंय? ‘धाकटी लवकरच...’ अहो, हे का खोडलंत? येणार नाही ती?”

“नाही,” थोरली म्हणाली.

एवढं बोलायला तिला टॉवेल छातीशी धरावा लागला. मग तिनं खोक्यातून नवा निळा हातमोजा काढला, बोटांत चढवला, कापसाच्या काडीवर रंगाचा थेंब घेतला आणि बाईंना धाकटीच्या खुर्चीत बसवलं. त्यांच्या कानामागचे केस बाजूला केले. मोज्यातून केस कळत नव्हता. जाड आहे की पातळ, काहीच कळत नव्हतं.

बाई आरशातून तिच्याकडे बघत होत्या. गुरुवारी येतील की समोरच्या गल्लीतल्या सलूनमध्ये जातील, त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं.

“धाकटी कसं अगदी मुळापर्यंत बघायची,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला दिसतं का हो एवढं बारीक?”

“आता लावते चष्मा,” थोरली म्हणाली.